टीव्ही नाही, जेवण आहे: समुद्राकाठच्या होमस्टेचा मजकूर कसा लिहावा

एका मालकीणबाईंनी मला त्यांच्या होमस्टेचा मजकूर दुरुस्तीसाठी पाठवला होता. समुद्राजवळचं घर, पाहुण्यांसाठी तीन खोल्या, स्वयंपाक त्या स्वतः करतात. त्यांची तक्रार जरा वेगळी होती. "खोल्या भरतात हो, पण येणारे लोक चुकीचे येतात," त्या म्हणाल्या. एका कुटुंबाने आल्या आल्या पोहण्याचा तलाव कुठे आहे असं विचारलं. एका ग्रुपने गाडीतून स्पीकर उतरवला. आणखी एकांनी रात्री अकराला मेन्यू कार्ड मागितलं.

त्यांचा मजकूर असा होता: "निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या होमस्टेमध्ये शांततेचा अनुभव घ्या. अस्सल घरगुती जेवणाची चव चाखा. सर्व सोयींनी युक्त खोल्या. एक अविस्मरणीय मुक्काम!"

यात खोटं काही नाही, पण त्या घराबद्दलही काही नाही. पुढच्या वळणावर साठ खोल्यांचं हॉटेल असेल तर तेही हाच मजकूर जसाच्या तसा लावू शकेल. "शांतता" वाचून प्रत्येकाने आपापल्या मनातली शांतता पाहिली आणि "सर्व सोयी" वाचून आपापल्या सोयी गृहीत धरल्या. बाईंच्या घरी लक्झरी नाही, ती त्यांना आणायचीही नाही. विकायचं आहे ते दोनच गोष्टींवर: रात्री झोप लागते आणि दोन वेळा ताजं जेवण मिळतं. हे दोन दावे सगळेच करतात, म्हणून ते नुसते विशेषणांनी करून भागत नाही. त्यामागचे तास, अंतरं आणि मर्यादा लिहाव्या लागतात. ते कसं करायचं, ते याच घराचं उदाहरण घेऊन क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आवाजांची वही

लिहायला बसण्याआधी पाहुण्यांच्या खोलीत एक रात्र झोपा. आपल्या नेहमीच्या खोलीत झोपून चालणार नाही. जवळ वही ठेवा आणि चोवीस तासांत ऐकू आलेला प्रत्येक आवाज वेळेसकट लिहा.

घरच्या माणसाला घराचे आवाज ऐकू येत नाहीत, हीच यातली मोठी अडचण. "अहो, इथे आवाज कसला?" असं बाई मला छातीठोकपणे सांगत होत्या आणि सकाळी सहाला मी झोपलेल्या खोलीच्या खिडकीखाली पाण्याचा पंप सुरू झाला. वीस मिनिटं घरघरत होता. त्या इतकी वर्षं रोज स्वतःच तो लावत आल्या होत्या. पंपाची वेळ सकाळी साडेआठवर नेली आणि काम झालं. मजकुरातला एक शब्दही न बदलता ते घर आधीपेक्षा शांत झालं. वहीचा पहिला उपयोग हाच: जे बंद करता येतं ते आधी बंद करायचं आणि उरलेलंच लिहायचं.

एका दिवसाची वही मात्र पुरत नाही. किनाऱ्यावरचे बरेच आवाज घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या तालावर चालतात. जिथे होड्या उथळ खाडीतून बाहेर पडतात तिथे त्यांना पुरेसं पाणी लागतं आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे चारला होड्यांची इंजिनं ऐकू आली, म्हणून "पहाटे चारला थोडा आवाज होतो" असं लिहिलंत, तर चार-पाच दिवसांत ते वाक्य खोटं ठरेल. साधारण आठवड्याच्या अंतराने दोनदा वही भरा आणि त्यातली एक रात्र शनिवारची असू द्या. या घराच्या शनिवारच्या वहीत खाडीपलीकडून आलेलं लग्नाचं संगीत सापडलं, पार साडेअकरापर्यंत. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे चिटपाखरू नव्हतं.

पलीकडचं संगीत इतकं जवळ का वाटतं, हेही माहीत असलेलं बरं. निवांत रात्री पाण्यालगतची हवा बऱ्याचदा वरच्या हवेपेक्षा थंड असते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. म्हणून दिवसा अंतर मोजून "तिथला आवाज इथे येणार नाही" असा अंदाज बांधू नका. रात्री बसून ऐका.

आणि खुद्द समुद्र? लाटांचा आवाज म्हणजे शांतता, असं धरून चालू नका. उधाणाच्या दिवसांत किनाऱ्यालगतच्या खोलीत तो रात्रभर मुसळधार पावसासारखा येतो. काहींना त्यानेच गाढ झोप लागते, काही जण रात्रभर कूस बदलत राहतात. हे दोन्ही पाहुणे भले लोक आहेत, पण त्यांना वेगवेगळ्या खोल्या द्यायला हव्यात. म्हणून कुठल्या खोलीत समुद्र जास्त ऐकू येतो ते मजकुरात यायलाच हवं.

फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे मजकुरात छापू नका. फोनचा माईक त्या कामासाठी जोखलेला नसतो, दोन फोन दोन आकडे दाखवतात. एकाच फोनवर एकाच रात्री आपल्याच तीन खोल्यांची तुलना करायला ते अ‍ॅप ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

दुसरी पायरी: शांतता कोण राखणार ते लिहा

वहीतले आवाज हे बाहेरचे. होमस्टेमधली शांतता प्रत्यक्षात मोडतात ते इतर पाहुणे. तीन खोल्यांच्या घरात एका खोलीतल्या चौघांनी अंगणात रात्री बारापर्यंत गप्पा मारल्या की उरलेल्या दोन खोल्यांचे पैसे पाण्यात. त्यामुळे "शांत वातावरण" हे घराचं वर्णन करून भागत नाही, तो सगळ्या पाहुण्यांवरचा नियम आहे. तो भिंतीवरच्या पाटीवर टाकून उपयोग नाही, कारण पाटी दिसते तेव्हा पैसे भरून झालेले असतात आणि स्पीकर गाडीतून उतरलेला असतो.

नियम मजकुराच्या वरच्या भागात, साध्या वाक्यात लिहा: "रात्री दहा ते सकाळी सहा अंगणात आवाज नाही. स्पीकर कुठल्याही वेळी नाही, तीनही खोल्या एकाच ग्रुपने घेतल्या तरी नाही." शेवटचा तुकडा विसरू नका. "सगळं घर आमचंच आहे ना मग" हा वाद बहुतेक वेळा त्यावरूनच होतो.

बाईंना हे वाक्य फार कडक वाटलं. "लोक बिचकतील," त्या म्हणाल्या. बिचकतील ते स्पीकरवाले. ज्याला झोपायचंय त्याला हेच वाक्य पटवतं, कारण शेजारच्या खोलीतले लोकही हे वाचून आलेले असणार, हे त्याला कळतं. एकच काळजी घ्या: नियम तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका. चपला कुठे काढाव्यात इथपासून दिवे कधी मालवावेत इथपर्यंत चौदा नियम लिहिलेत, तर शाळेच्या वसतिगृहाचा वास येतो.

तिसरी पायरी: जेवणाची यादी नको, एक दिवस दाखवा

जेवणाबद्दल लिहिताना बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. एक तर विशेषणांचा सडा: अस्सल, रुचकर, पारंपरिक, आईच्या हातचं. नाहीतर पंचवीस पदार्थांची यादी. यादी जास्त धोक्याची, कारण यादी दिसली की पाहुणा त्यातलं निवडायला लागतो. घरच्या जेवणात निवड नसते. घरात जे शिजेल ते सगळे खातात आणि या पद्धतीलाच तर घरचं जेवण म्हणतात. पाहुण्याला हे आधी कळलं तर त्याला ते आवडतं आणि ताटावर बसल्यावर कळलं तर तो फसल्यासारखा चेहरा करतो.

म्हणून स्वयंपाकघराचीही वही भरा. सलग चार-पाच दिवस काय शिजलं, किती वाजता वाढलं, काय उरलं. बाईंच्या वहीतून तीन गोष्टी बाहेर आल्या. दुपारचं जेवण एकला, रात्रीचं आठला, यात अर्ध्या तासाहून जास्त फरक कधीच पडला नव्हता. ताटात भात, डाळ, दोन भाज्या आणि मिळाला तर मासा, एवढं ठरलेलं. आणि पाचपैकी दोन दिवस मासा मिळालाच नव्हता, कारण वाऱ्यामुळे होड्या गेल्या नव्हत्या.

त्यांच्या जुन्या मजकुरात मात्र "रोज ताजे मासे" असं होतं, सोबत एका मोठ्या, महागड्या तळलेल्या माशाचा फोटो. हा मजकुरातला सगळ्यात महागात पडलेला शब्द: "रोज". वादळी हवा, मासेमारी बंद असण्याचा काळ, बाजारात माल न येणं, यातलं काहीही झालं की ते वाक्य त्या दिवशी खोटं. मग बाई घाईने गोठवलेला मासा आणायच्या आणि पाहुण्याला चवीवरून तो बरोबर कळायचा. माशाच्या ताजेपणावर विकणाऱ्या घराने गोठवलेला मासा वाढणं यापेक्षा "आज मासा नाही" म्हणणं केव्हाही बरं. पण ते बुकिंगच्या आधी म्हणून ठेवलेलं हवं.

नवं वाक्य आम्ही असं केलं: "होड्या गेल्या तर ताटात मासा असतो, कुठला ते सकाळी बाजारात जे येईल त्यावर. होड्या गेल्या नाहीत तर मासा नाही, त्या दिवशी एक भाजी जास्त." यात आश्वासन "रोज"पेक्षा लहान आहे, पण ते रोज पाळता येतं. शिवाय मासा खरोखर होडीतून येतो हेही वाचणाऱ्याला आपोआप कळतं, "ताजे" हा शब्द न वापरता. फोटोतला महागडा मासा काढून साध्या दिवसाचं पूर्ण ताट लावलं.

जेवणाच्या परिच्छेदात आणखी चार गोष्टी हव्यात, त्यांचा क्रम कसाही चालेल. कोण रांधतं. किती वाजता वाढतात आणि उशीर झाला तर काय. जेवणाचे पैसे खोलीच्या दरात धरलेत की वेगळे. आणि कशासाठी आधी सांगावं लागतं. यातली उशिराची गोष्ट लोक हमखास विसरतात. सुट्टीला निघालेली माणसं संध्याकाळी उशिरा निघतात, वाटेत अडकतात आणि दहा-अकराला पोचतात. तोवर चूल आवरलेली असते. "साडेनऊनंतर पोचणार असाल तर फोन करा, ताट झाकून ठेवू, गरम करून मिळेल, नव्याने शिजणार नाही" एवढं लिहिलं की रात्री अकराला मेन्यू कार्ड मागणारा माणूस मिळत नाही.

अ‍ॅलर्जीबद्दल लिहिताना मात्र मनमिळाऊपणा बाजूला ठेवा. "तुमच्या सर्व गरजांची काळजी घेऊ" हे वाक्य इथे घातक आहे. कोळंबी, खेकडे, शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला तो पदार्थ ताटात नसला तरी त्याच तेलात तळलेली भाजी बाधू शकते. घरात स्वयंपाकघर एक, कढई एक, तेलही बहुतेक वेळा तेच. तेव्हा जे आहे ते लिहा: "आमचं स्वयंपाकघर एकच आहे आणि त्यात मासे-कोळंबी शिजतात. शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात करतो. पण तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आम्ही पूर्ण खात्री देऊ शकत नाही, आधी फोनवर बोला." वेगळी भांडी खरंच असतील तरच ते वाक्य ठेवा. बाईंकडे तेव्हा नव्हती. मजकूर लिहिताना हे लक्षात आलं आणि त्यांनी एक कढई आणि दोन पातेली वेगळी काढली.

चौथी पायरी: समुद्र किती दूर, ते ओहोटीला मोजा

"समुद्रापासून 2 मिनिटं" हे वाक्य किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतं आणि ते बहुतेक वेळा भरतीच्या वेळचं असतं. किनारा उतरता असेल तर फार फरक पडत नाही. पण सपाट, पसरट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी कितीतरी मागे जातं. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, म्हणजे सकाळी पोहायला गेलेला पाहुणा दुपारी त्याच जागी चिखल-वाळूत उभा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, हा फरक सर्वांत जास्त. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, सर्वांत कमी.

मोजायचं असेल तर उधाणाच्या ओहोटीला मोजा. हातात पिशवी आणि बरोबर लहान मूल आहे असं समजून फाटकापासून चाला. या घरापासून वाळू 4 मिनिटांवर निघाली आणि वाळूपासून पाणी भरतीला 1 मिनिट, उधाणाच्या ओहोटीला तब्बल 9. मजकुरात दोन्ही आकडे गेले. "वाळू 4 मिनिटांवर. भरतीला पाणी तिथेच, ओहोटीला आणखी आठ-नऊ मिनिटं चालावं लागतं."

बुकिंगच्या साइटवर सोयींच्या चौकटींवर टिचक्या मारताना हेच आकडे समोर ठेवा. "थेट किनाऱ्यावर" आणि "किनाऱ्याजवळ" हे वेगळे पर्याय असतात. मध्ये रस्ता असेल तर पहिला आपला नाही. मजकुरात खरं आणि चौकटीत खोटं असं झालं की लोक चौकटीवर विश्वास ठेवतात, कारण शोधताना त्यांनी चौकटीवरूनच गाळलेलं असतं.

पाचवी पायरी: जे नाही ते माफी न मागता

आता सगळ्यात अवघड परिच्छेद. एसी नाही, टीव्ही नाही, रूम सर्व्हिस नाही, फोनला धड नेटवर्क नाही. हे लिहिताना मालकांचा हात दोन दिशांना घसरतो. एक दिशा माफीची: "क्षमस्व, सध्या एसी उपलब्ध नाही." वाचणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे पैसे कमी पडले. दुसरी दिशा मखलाशीची: "जगापासून दूर, स्वतःशी संवाद साधण्यासाठी आम्ही नेटवर्कपासून मुक्त!" ज्याच्या घरी आजारी वडील आहेत त्याला नेटवर्कपासून मुक्ती नको असते, फोन कुठे लागेल एवढंच हवं असतं.

दोन्ही टाळायचा मार्ग सोपा आहे. जे नाही ते सांगा आणि लगेच त्या जागी काय आहे ते सांगा, विशेषण न लावता. "एसी नाही. प्रत्येक खोलीत छताचा पंखा आणि समोरासमोर दोन खिडक्या आहेत. वारा दुपारनंतर समुद्राकडून येतो." हे शेवटचं वाक्य खरं आहे का ते तपासून घ्या. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून वारा येतो. पण खोलीची खिडकी समुद्राकडे नसेल, मध्ये भिंत किंवा दाट झाडी असेल, तर तो वारा खोलीत शिरत नाही. तीनपैकी एका खोलीत तो येत नव्हता. तिच्याबद्दल आम्ही वेगळं लिहिलं आणि तिचा दर बाईंनी कमी केला.

नेटवर्कचंही तसंच. घरात फिरून बघा. "खोल्यांत मेसेज जातात, व्हिडिओ कॉल अंगणात लागतो. वायफाय नाही" हे वाक्य वाचून ऑफिसचं काम घेऊन येणारा माणूस स्वतःच बाजूला होतो. त्याला आधी गमावणं परवडतं. तो येऊन दोन दिवस अंगणात लॅपटॉप घेऊन फिरला आणि मग अभिप्राय लिहिता झाला, तर ते परवडत नाही.

एक इशारा. ही "नाही"ची यादी मजकुराच्या शेवटी, बारीक अक्षरांत टाकू नका. पण पहिल्याच ओळीतही सगळे नकार लावू नका, नाहीतर घर आहे की उपोषण शिबिर असा प्रश्न पडतो. जेवणाच्या परिच्छेदानंतर ती बरोबर बसते, कारण तोवर वाचणाऱ्याला काय मिळणार ते कळलेलं असतं.

सहावी पायरी: शीर्षक सर्वांत शेवटी

शीर्षक शेवटी लिहा, कारण त्यात काय घालायचं ते आता कुठे कळतंय. साइटवर शीर्षकाला मर्यादा असते, समजा 50 अक्षरांची. देवनागरीत इथे एक गोम आहे. डोळ्यांना "खोल्यांचं" ही तीन अक्षरं दिसतात, पण संगणक मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत सगळं वेगळं मोजतो. त्याच्या हिशोबी ती नऊ होतात. आम्ही ठरवलेलं शीर्षक होतं:

तीन खोल्यांचं घर, दोन वेळचं जेवण, टीव्ही नाही

डोळ्यांनी मोजलं तर मोकळ्या जागा धरून 28, संगणकाच्या मोजणीने 45. 50 मध्ये बसलं, पण पुढे "शांत किनारा" जोडायला जागा उरली नाही. बरंच झालं. मोबाइलवर शोधताना लांब शीर्षक मध्येच कापलं जातं, त्यामुळे महत्त्वाचा शब्द आधी हवा. आमच्या शीर्षकात कापला गेलाच तर "टीव्ही नाही" जातं, घर आणि जेवण राहतं.

"टीव्ही नाही" शीर्षकात घालावं का, यावर आमचा बराच खल झाला. माझं मत असं की एकच नकार शीर्षकात असावा, तोही असा की ज्याला शांतता हवी त्याला तो वाचून बरं वाटेल. "एसी नाही" वाचून कुणालाच बरं वाटत नाही, म्हणून ते आत.

फोटोंबद्दल थोडक्यात: पहिला फोटो जेवणाच्या ताटाचा किंवा अंगणाचा, सूर्यास्ताचा नको. सूर्यास्त सगळ्यांकडे सारखाच असतो. प्रत्येक खोलीच्या फोटोखाली एक ओळ, त्या खोलीत काय ऐकू येतं आणि वारा येतो की नाही.

पूर्ण झालेला मजकूर

वर ज्या तुकड्यांची चर्चा केली ते जोडून बाईंचा मजकूर असा उभा राहिला. पहिल्या तीन ओळी महत्त्वाच्या, कारण बऱ्याच साइटवर त्यापुढे "आणखी वाचा" येतं. खोली, जेवण आणि स्पीकर ही तीनही वाक्यं त्या आत बसवली आहेत.

"आमच्या घरात पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. दुपारी एकला आणि रात्री आठला मी स्वतः केलेलं जेवण मिळतं. रात्री दहा ते सकाळी सहा अंगणात आवाज नाही आणि स्पीकर कुठल्याही वेळी नाही, तीनही खोल्या एकाच ग्रुपने घेतल्या तरी नाही.

जेवण सगळ्यांना एकच असतं: भात, डाळ, दोन भाज्या. होड्या गेल्या तर मासा, कुठला ते सकाळी बाजारात जे येईल त्यावर. होड्या गेल्या नाहीत तर मासा नाही, त्या दिवशी एक भाजी जास्त. जेवणाचा दर खोलीपेक्षा वेगळा आहे. शाकाहारी किंवा कमी तिखट हवं असेल तर आदल्या रात्री सांगा. स्वयंपाकघर एकच आहे. शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यात होतं, पण तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर बुकिंगआधी फोन करा. साडेनऊनंतर पोचणार असाल तर कळवा, ताट झाकून ठेवीन. गरम करून मिळेल, नव्याने शिजणार नाही.

वाळू 4 मिनिटांवर. भरतीला पाणी तिथेच, ओहोटीला आणखी आठ-नऊ मिनिटं चालावं लागतं. समुद्राकडच्या खोलीत रात्रभर लाटा ऐकू येतात. मागच्या खोलीत त्या कमी ऐकू येतात, पण तिथे वाराही येत नाही, म्हणून तिचा दर कमी आहे. काही पहाटे होड्यांची इंजिनं ऐकू येतात, वेळ भरतीप्रमाणे बदलते. शनिवारी कधीकधी खाडीपलीकडून गाणी येतात.

एसी, टीव्ही आणि वायफाय नाही. प्रत्येक खोलीत पंखा आहे. खोल्यांत मेसेज जातात, व्हिडिओ कॉल अंगणात लागतो."

शनिवारच्या गाण्यांची ओळ बाईंनी दोनदा खोडली आणि दोनदा मी परत घातली. पाहुण्याने आधी वाचलेला आवाज आणि रात्री अचानक कानावर पडलेला आवाज यांची तक्रार एकसारखी होत नाही.

सातवी पायरी: पाहुण्यांचे प्रश्न लिहून ठेवा

मजकूर लावल्यावर दोन महिने फोनवर आणि मेसेजमध्ये येणारे प्रश्न वहीत टिपा. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की मजकुरात ते वाक्य कमी आहे, किंवा आहे पण फार खाली आहे. बाईंच्या वहीत पोहण्याच्या तलावाचा प्रश्न पुन्हा आला नाही. मात्र चौघांनी विचारलं, "तुम्ही आमच्याबरोबर जेवायला बसता का?" दोघांना त्या बसाव्यात असं वाटत होतं, दोघांना नको होतं. हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता जेवणाच्या परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे: "वाढून झालं की मी आत जाते. गप्पा मारायच्या असतील तर हाक मारा."